शहरात ५जी, घरात शिरताच ४जी: दोष टॉवरचा की फोनमधल्या बँडचा?

मराठवाड्यात गेली दोन-तीन वर्षे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात किंवा लातूरच्या गंजगोलाईत फोनवर ५जी हे चिन्ह ठळक दिसते आणि नेट चांगले पळते. तोच फोन, तेच सिम आणि तेच रिचार्ज घेऊन माणूस तालुक्याच्या गावी येतो, अंगणात एखाद-दुसरी काडी दिसते आणि माजघरात पाऊल टाकताच फोन ४जीवर उतरतो. खिडकीशी गेले की ५जी परत येते, आत आले की पुन्हा जाते. मग लोक सिम बदलतात, दुकानात जाऊन फोन रीसेट करून घेतात, कंपनीच्या हेल्पलाइनला दोन-तीनदा फोन करतात, आणि चार दिवसांनी तक्रार जिथल्या तिथे असते.

यातल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ टॉवरमध्ये नसून फोनमध्ये असते. खोक्यावर ५जी लिहिलेले असले तरी तो फोन भारतात वापरले जाणारे सगळे पट्टे, म्हणजे बँड, ऐकू शकतोच असे नाही. तो शहरात ज्या बँडवर चालतो तो बँड गावातल्या जाड भिंतींतून आत पोहोचत नाही, आणि जो बँड आत पोहोचतो तो त्या फोनला ऐकूच येत नाही.

भारतात २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ५जीच्या लहरींचा लिलाव झाला आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून सेवा सुरू झाली. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने त्या लिलावातले तीन पट्टे लक्षात ठेवावेत. पहिला ३३०० मेगाहर्ट्झचा, ज्याला फोनच्या माहितीपत्रकात n78 म्हणतात. जिओ आणि एअरटेल या दोघांनीही तो देशातल्या सर्व २२ सर्कलमध्ये, म्हणजे परवान्याच्या विभागांत, प्रत्येकी किमान १०० मेगाहर्ट्झ रुंदीचा घेतला, आणि व्होडाफोन आयडियाने निवडक सर्कलमध्ये. दुसरा ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे n28. तो त्या लिलावात एकट्या जिओने घेतला, तोही फक्त १० मेगाहर्ट्झ रुंदीचा, आणि त्यासाठी सुमारे ३९ हजार कोटी रुपये मोजले. हाच पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत भाव जास्त म्हणून कोणीही घेतला नव्हता. तिसरा २६ गिगाहर्ट्झचा n258. तो घराच्या गच्चीवर बसवायच्या इंटरनेट जोडणीसाठी उपयोगी आहे, पण झाडाच्या फांदीनेही अडतो, त्यामुळे फोन घेताना त्याचा विचार केला नाही तरी चालते.

मराठवाड्यातले आठही जिल्हे महाराष्ट्र आणि गोवा या एकाच सर्कलमध्ये मोडतात. म्हणून संभाजीनगरला एक बँड आणि धाराशिवला दुसरा, असा परवान्याचा फरक इथे नाही. फरक पडतो तो टॉवर किती जवळ आहे आणि घर कशाचे बांधलेले आहे यामुळे.

३३०० आणि ७०० या दोन आकड्यांत साडेचार पटींहून अधिक अंतर आहे. एकाच शक्तीने, मोकळ्या माळरानावर, सारख्याच अंतरावर या दोन लहरी पाठवल्या तर फोनच्या साध्या अँटेनाला ७०० ची लहर ३३०० पेक्षा सुमारे २२ पट जोरात मिळते. मोजणीच्या भाषेत हा फरक साडेतेरा डेसिबलचा असतो. n78 च्या टॉवरवरचे अँटेना लहरींचा झोत एका दिशेला वळवून यातली बरीचशी उणीव भरून काढतात, म्हणून शहरात, जिथे टॉवर तीन-चारशे मीटरवर असतात, ही उणीव जाणवत नाही. पण झोत कितीही नेमका केला तरी भिंत भिंतच राहते. आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंती काळ्या पाषाणाच्या आणि दीड-दोन हात जाड असतात. वर मातीचे माळवद असते आणि पावसाळ्यात ती माती ओली होते. ओली माती ३३०० च्या लहरीला कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त अडवते. नव्या घरांवर पत्रे असतात, आणि पत्र्यातून तर कोणतीच लहर धड जात नाही. ती खिडकी-दारातूनच वाट काढते.

याहून महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे फोनचा स्वतःचा आवाज. टॉवर मोठ्या शक्तीने बोलतो, फोन मात्र सहसा एक पंचमांश वॉट एवढ्याच ताकदीने उत्तर देतो. शिवाय n78 वर बोलणे आणि ऐकणे एकाच पट्ट्यात आळीपाळीने चालते, आणि त्यातला मोठा वाटा टॉवरच्या बोलण्यासाठी राखलेला असतो. त्यामुळे घरात बसलेल्या फोनला टॉवर ऐकू येतो, पण त्याचे उत्तर टॉवरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी चिन्ह ५जीचे असते, दोन काड्याही असतात आणि पान मात्र उघडत नाही. n28 वर जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा असतो आणि फोनचा क्षीण आवाजही दूरवर जातो. जिओचे ५जी स्वतंत्र पद्धतीने, म्हणजे ४जीचा आधार न घेता चालते. माहितीपत्रकात या पद्धतीला SA म्हणतात. तिथे n78 ने हात टेकले की ५जी टिकवून धरायला दुसरा आधार n28 चाच असतो. तो फोनमध्ये नसेल तर फोन ४जीवर उतरणारच.

हे औसा येथील मामांच्या घरी तपासलेल्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. मामांचा फोन २०२१ साली घेतलेला. मामेभावाने पुण्यात वापरून नंतर त्यांना दिलेला. ‘‘लातूरला गोलाईत पाच-जी येतंय, अन् औशात घरात शिरलं की गायब. टॉवरवाल्यालाच काहीतरी झालंय,’’ असे मामांचे ठाम मत होते. सिम जिओचे, टॉवर घरापासून अंदाजे सव्वा किलोमीटरवर, मध्ये दाट वस्ती, आणि घर दगडी भिंतींचे.

आधी फोनचे माहितीपत्रक पाहिले. खोके जपून ठेवलेले असल्याने मॉडेल क्रमांक मिळाला. कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर त्या नेमक्या क्रमांकासमोर ५जीचे दोनच बँड लिहिलेले होते: n41 आणि n78. भारतात सेवा सुरू होण्याआधी आलेल्या अनेक फोनची हीच गत आहे. त्या वेळी इथे कोणता बँड चालेल हे ठरले नव्हते, आणि एक-दोन बँड घालून खोक्यावर ५जी लिहिण्याचा मार्ग स्वस्त होता. यातला n41 आपल्याकडे आरंभीच्या ५जी सेवेत वापरलाच गेला नाही. म्हणजे मामांच्या फोनमध्ये कामाचा बँड एकच होता.

माहितीपत्रकावर थांबायचे नव्हते, म्हणून प्रत्यक्ष मोजून पाहिले. बहुतेक फोनमध्ये डायल पॅडवर पुढीलपैकी एक क्रमांक टाकल्यावर नेटवर्कचा तपशील उघडतो. पहिला सर्वसाधारण अँड्रॉइड फोनसाठी, दुसरा सॅमसंगसाठी आणि तिसरा आयफोनसाठी आहे.

```
*#*#4636#*#*
*#0011#
*3001#12345#*
```

काही कंपन्या हा पडदा बंद करून ठेवतात. तसे असेल तर NetMonster यासारखे मोफत अ‍ॅप तेच काम करते. त्यात दोन आकडे पाहायचे. एक NR-ARFCN, म्हणजे फोन नेमक्या कोणत्या वारंवारतेवर आहे याचा सहा अंकी क्रमांक. तो 15 किंवा 16 ने सुरू होत असेल तर फोन n28 वर आहे. 62, 63 किंवा 64 ने सुरू होत असेल तर n78 वर. दुसरा आकडा SS-RSRP, म्हणजे लहरीची ताकद. तो ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० ते ९० उत्तम, उणे १०० च्या आसपास चालण्याजोगा, आणि उणे ११० च्या पलीकडे गेला की ५जी कधीही सुटू शकते.

मामांच्या फोनवर लातूरला गोलाईजवळ क्रमांक 63 ने सुरू होत होता आणि ताकद उणे ८४ होती. औशाच्या अंगणात क्रमांक तोच, पण ताकद उणे १०७. उंबरठा ओलांडून माजघरात गेल्यावर काही क्षण उणे ११८ दिसले आणि मग ५जीची ओळच नाहीशी होऊन फोन ४जीवर गेला. तेच सिम काढून माझ्या फोनमध्ये घातले, ज्यात n28 आहे. माजघरात त्याच कोनाड्याशी उभे राहून पाहिले तर क्रमांक 15 ने सुरू होणारा आणि ताकद उणे ९८ होती. एक सिम, एक जागा, एक वेळ आणि दोन फोन एवढे जुळवून आणले की वादाला जागा उरत नाही. टॉवर बोलत होता, मामांचा फोन त्या सुरात बहिरा होता.

यातून मिळणारा फायदाही मोजून पाहिला पाहिजे, नाहीतर n28 म्हणजे जादू असा समज व्हायचा. संध्याकाळी आठच्या सुमारास माझ्या फोनवर माजघरात ५जीचा वेग सेकंदाला ४० मेगाबिटच्या आसपास मिळाला. मामांच्या फोनवर त्याच वेळी ४जीवर ९. कारण असे की माजघरात पोहोचणारे ४जीही ८५० मेगाहर्ट्झचे, म्हणजे B5 चे होते. तो पट्टा अरुंद, आणि संध्याकाळी सारे गाव त्यावर असते. पण सकाळी सहा वाजता मोजले तेव्हा मामांच्या फोनने ४जीवरच २८ चा आकडा दाखवला. आणि गच्चीवर माझा फोन n78 वर गेला तेव्हा वेग साडेतीनशेच्या पुढे होता. n28 हा १० मेगाहर्ट्झचा अरुंद रस्ता आहे, n78 हा १०० मेगाहर्ट्झचा. पहिल्याने पोहोच मिळते, वेग दुसऱ्याने. चांगला फोन हे दोन्ही एकाच वेळी जोडून वापरतो. त्या जोडीचा उल्लेख माहितीपत्रकात क्वचितच असतो, पण तो सापडला तर पाहावा.

येथपर्यंतचे सगळे विवेचन जिओच्या सिमला लागू होते. एअरटेलचे सिम असताना अशीच तक्रार आली तर n28 मागे धावण्यात अर्थ नाही, कारण ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांच्याकडे नाही. एअरटेलने मोबाइलसाठीची ५जी सेवा सुरू केली ती ४जीच्या आधारावर चालणारी, म्हणजे NSA. या पद्धतीत फोन एकाच वेळी ४जीच्या एका बँडला आणि ५जीच्या n78 ला धरून ठेवतो आणि त्याचे उत्तर ४जीच्या वाटेनेही जाऊ शकते. म्हणून वर सांगितलेली क्षीण आवाजाची अडचण इथे काहीशी सौम्य होते. पण दुसरी अडचण उभी राहते. फोनमध्ये n78 आहे, ४जीचे B1, B3, B8 आणि B40 हेही आहेत, आणि तरीही त्यांची जोडी त्या फोनला जमत नाही असे होऊ शकते. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये हे विशेष आढळते, कारण तिथल्या कंपन्यांच्या जोड्या वेगळ्या असतात.

याचा उलट प्रकार अगदी स्वस्त फोनमध्ये दिसतो. काही फोनची चिप फक्त SA पद्धत जाणते, NSA जाणत नाही. असा फोन NSA जाळ्यावर गंजगोलाईतच काय, टॉवरच्या पायथ्याशी उभे राहिले तरी ५जी दाखवणार नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. एका कंपनीचे सिम घातले की शहरात मोकळ्यावर ५जी येते आणि दुसऱ्या कंपनीचे घातले की कुठेच येत नाही, असे असेल तर प्रश्न बँडचा नसून पद्धतीचा आहे. घरातच सुटत असेल तर बँडचा.

अँड्रॉइडच्या वरील पडद्यावर ‘NR only’ हा पर्याय मिळत असेल तर त्यानेही हीच परीक्षा होते. तो निवडल्यावर फोन फक्त स्वतंत्र ५जी शोधतो. माजघरात तो निवडून नेटवर्क पूर्णपणे गेले आणि अंगणात आले, तर n28 ची उणीव जवळपास नक्की. NSA सेवेत मात्र या पर्यायावर नेटवर्क सगळीकडेच जाईल, ते फोनचे अपयश समजू नये. ही परीक्षा झाल्यावर सेटिंग आठवणीने पूर्ववत करावे, नाहीतर फोन लागणार नाहीत आणि घरचे लोक आपल्यालाच शोधत बसतील.

तपासणीला बसण्याआधी काही साध्या गोष्टी वगळून घ्याव्यात. बॅटरी बचतीचा पर्याय चालू असेल तर अनेक फोन ५जी आपोआप बंद करतात. दोन सिमांच्या काही फोनमध्ये ५जी फक्त डेटासाठी निवडलेल्या सिमला मिळते. बोलणे चालू असताना फोन ४जीवर उतरणे हे बऱ्याच फोनमध्ये नेहमीचे आहे, त्यात बिघाड नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत नसणे हेही कारण असू शकते. भारतात सेवा सुरू झाली तेव्हा आयफोनमध्ये बँड असूनही ५जी चालत नव्हते, ते २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या आयओएस १६.२ नंतर सुरू झाले. ४जीचे सिम मात्र बदलावे लागत नाही. जिओ आणि एअरटेल दोघांचेही चालू ४जी सिम ५जीसाठी पुरेसे आहे, त्यामुळे ‘५जी सिम’ म्हणून वेगळे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नयेत.

आणखी एक भ्रम काढून टाकला पाहिजे. NSA जाळ्यात फोनच्या कोपऱ्यातले ५जीचे चिन्ह पुष्कळदा एवढेच सांगते की इथल्या ४जी टॉवरने जवळपास ५जी असल्याचे कळवले आहे. फोन प्रत्यक्षात ५जीला जोडलेला असेलच असे नाही. म्हणून चिन्हावर विसंबू नये, एखादी मोठी फाइल उतरवायला लावून NR-ARFCN ची ओळ दिसते का हे पाहावे.

नवा फोन घ्यायचा असेल तर दुकानात प्रश्न एवढाच विचारावा की n28 आणि n78 हे दोन्ही आहेत का, आणि SA व NSA दोन्ही पद्धती आहेत का. सिम कोणत्याही कंपनीचे असो, हे चारही असावेत, कारण कंपनी पुढे बदलता येते, फोनचा बँड बदलता येत नाही. सॉफ्टवेअरने बँड वाढवून देतो असे कोणी म्हणाले तर त्या वाटेला जाऊ नये, त्या बँडसाठी लागणारे सुटे भाग फोनमध्ये नसतील तर ते सॉफ्टवेअरने येत नाहीत. यापुढे n1, n3, n5, n8, n40 आणि n41 हेही असले तर उत्तम. हे सगळे ४जीचेच जुने पट्टे ५जीच्या नावाने आहेत आणि कंपन्यांना ते ५जीकडे वळवता येतात. फोन चार-पाच वर्षे वापरायचा असेल तर त्यांचा उपयोग होईल. यादीत n77 दिसला तर तो n78 च्या संपूर्ण वारंवारता कवेत घेतो, पण केवळ त्यावर भिस्त ठेवू नये, n78 हे नाव स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. n71 आणि n79 यांच्या असण्या-नसण्याने इथे सध्या काही फरक पडत नाही. ६०० मेगाहर्ट्झच्या n71 ला २०२२ च्या लिलावात गिऱ्हाईकच मिळाले नाही.

जुना फोन घेताना किंवा दुबईहून कोणी आणून देत असताना जास्त सावध राहावे. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगवेगळे मॉडेल असतात आणि त्यांच्यातले बँडही वेगळे असतात. तुलनात्मक माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर कधी कधी सगळ्या देशांचे बँड एकाच यादीत मिसळलेले असतात. म्हणून सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून नेमका मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावा. शंका असल्यास `*#06#` डायल करून मिळणारा पंधरा अंकी क्रमांक KYM या अक्षरांपुढे एक जागा सोडून लिहून 14422 वर संदेश पाठवावा. फोन कोणत्या कंपनीचा आणि कोणता आहे हे त्यातून कळते. विकणारा सांगतो ते आणि हे जुळले नाही तर सौदा तिथेच थांबवावा.

मामांनी नवा फोन घेतला नाही. त्यांना बोलायला, सोयाबीनचे भाव पाहायला आणि रात्री कीर्तन ऐकायला ४जी पुरते. त्यांची खरी अडचण वेगळीच निघाली. दिवसभर उंबरठ्याच्या आत-बाहेर करताना फोन ५जी आणि ४जी यांच्यात सारखा उड्या मारत होता आणि दुपारी तीनपर्यंत बॅटरी संपत होती. सेटिंगमध्ये पसंतीचे नेटवर्क ४जी एवढेच निवडून दिले. त्याच बॅटरीवर फोन आता रात्री नऊपर्यंत चालतो. लातूरला जाताना मामेभाऊ ते पुन्हा ५जीवर करून देतो, आणि परत आल्यावर बदलायला विसरतो.